वाळवल्यावर मेगर वाढला, पण केबल ओली होती की म्हातारी?

परतीचा पाऊस सोलापूरला दोन-तीन दिवस झोडपून गेला की आमचे फोन सुरू होतात. "फीडर ट्रिप होतोय, मेगर पडलाय." मेगर म्हणजे केबलच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, आणि त्याच्या रीडिंगलाही आम्ही मेगरच म्हणतो. जाऊन बघावं तर रीडिंग खरंच खाली असतं. मग कोणीतरी केबलच्या टोकाशी हॅलोजन लावतो, दोन-तीन तासांत रीडिंग चढतं, फीडर चालू होतो आणि सगळे म्हणतात, "पाणी होतं, गेलं." एवढ्यावर केबल चांगली ठरवून टाकली जाते. काही ठिकाणी उलटं होतं. रीडिंग पडलेलं दिसताच "केबल जुनी झाली, बदला" म्हणून लाखांचं काम निघतं. वाढलेलं रीडिंग नेमकं काय सांगतं आणि कशाबद्दल गप्प बसतं, हे नीट कळलं तर दोन्ही चुका टळतात. मागच्या पावसाळ्यानंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हे सगळं एकाच केबलवर बघायला मिळालं. म्हणून तीच केबल घेऊन सांगतो.

आधी मेगर काय मोजतो ते बघू. केबलमधल्या तारेवर ५०० किंवा १००० व्होल्टचा डीसी दाब द्यायचा आणि इन्सुलेशनमधून आर्मरकडे, म्हणजे अर्थला जोडलेल्या बाहेरच्या धातूच्या कवचाकडे, किती करंट झिरपतो ते बघायचं. झिरप जितकी कमी, तितके मेगाओहम जास्त. लो टेन्शन कामात किमान १ मेगाओहमची अट धरतात. पण तो काठावर पास होण्याचा आकडा आहे. निरोगी केबलचा आकडा त्याच्या बराच वर असतो.

आपल्याकडे उजनीचा कालवा सगळ्यांनी पाहिलेला आहे. कालवा चांगला असला तरी त्याच्या पूर्ण लांबीत थोडं थोडं पाणी मुरतं. लांबी दुप्पट केली की मुरणंही दुप्पट होतं. पण काठाला खेकड्याने एक भोक पाडलं तर त्या एका जागेतून उरलेल्या सगळ्या कालव्यापेक्षा जास्त पाणी जाऊ शकतं. मेगरला या दोन्हीतला फरक दिसत नाही. तो एकूण गळती मोजतो आणि एकच आकडा देतो. सगळ्या लांबीत थोडी थोडी गळती आहे की एकाच भोकातून सगळं जातंय, हे आपल्यालाच शोधावं लागतं. ओल बहुतेक वेळा खेकड्याच्या भोकासारखी वागते. ती टोकाशी, जॉइंटशी किंवा आवरण फाटलेल्या जागी असते.

आता केबल. पॅनेलपासून डाय हाऊसपर्यंत, म्हणजे सूत रंगवायच्या विभागापर्यंत, १४० मीटर, साडेतीन कोअर, म्हणजे तीन फेजच्या तारा आणि एक बारीक न्यूट्रल, ७० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम, पीव्हीसी इन्सुलेशन, आर्मर्ड, चौदा वर्षांची. पॅनेलपासून ८५ मीटरवर मातीत एक जॉइंट. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी अर्थ लीकेजचा रिले तिसऱ्यांदा ट्रिप झाला तेव्हा मालकांनी बोलावलं. मेन बंद करून कुलूप लावलं, दोन्ही टोकांचे लग, म्हणजे तारांच्या टोकांना दाबून बसवलेले धातूचे जोड, सोडले, सप्लाय नसल्याची खात्री केली आणि १००० व्होल्टवर एकेक मिनिट मेगर मारला. उरलेले कोअर आणि आर्मर अर्थला जोडलेले होते. पिवळा फेज ४० मेगाओहम, निळा ४२, न्यूट्रल ४५. लाल ०.३.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण निम्मं निदान या चार आकड्यांतच आहे. चारही कोअर एकाच दिवशी बनलेले, एकाच चरात, एकाच उन्हा-पावसात चौदा वर्षं राहिलेले. म्हातारपण आलं असतं तर चौघांनाही थोडंफार आलं असतं. ते एकट्या लालला गाठून बाकीच्या तिघांना सोडत नाही. एखादा फेज कायम जास्त लोडवर चालला असेल किंवा लग ढिला राहून एक टोक भाजलं असेल, तर एका कोअरचं वय वेगळं असू शकतं. पण पहिला संशय ओलीवरच जायला हवा.

दुसरी गोष्ट ४० या आकड्याची. "चाळीसच? केबल गेलीच म्हणायची," असं म्हणणारे लोक भेटतात, कारण त्यांनी एक्सएलपीई या दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकच्या केबलला हजारांत रीडिंग पाहिलेलं असतं. पीव्हीसीचा स्वभावच वेगळा आहे. या जाडीच्या तारेवर दीड मिलिमीटरच्या आसपास पीव्हीसी असेल, तर २५-२७ अंश तापमानाला एक किलोमीटर चांगल्या केबलचा मेगर तीन-चार-पाच मेगाओहमच्या घरात येतो. आपली केबल १४० मीटरची, म्हणजे किलोमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढी. लांबी सातपट कमी, म्हणून आकडा सातपट जास्त. तेव्हा ४० हे या केबलचं निरोगी रीडिंग आहे. लांबी आणि जात माहीत नसताना मेगाओहमच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

डाय हाऊसकडचं टोक उघडलं तर लालच्या लगखाली इन्सुलेशनवर पांढरी रेघ होती. बोटाने घासली तर खरखरीत लागली. ते मीठ होतं. सूत रंगवताना बाथमध्ये मीठ आणि सोडा घालतात. त्याची वाफ आणि शिंतोडे वर्षानुवर्षं त्या बॉक्समध्ये बसत आले होते. मिठाचा गुण असा की हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांवर गेला की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. एरवी सोलापूरच्या कोरड्या हवेत ती रेघ निरुपद्रवी पडून असते. पावसाळी रात्री तीच रेघ लगपासून ग्लँडपर्यंत, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या धातूच्या पकडीपर्यंत, वाहती तार बनते. फीडर पहाटे ट्रिप व्हायचा आणि दुपारी बरा असायचा, तो यामुळेच.

वाळवण्याआधी नुसतं कोरड्या फडक्याने पुसलं आणि पुन्हा मेगर मारला. ०.३ चं ०.८ झालं. ही एक पायरी कोणी करत नाही, पण ती फार बोलकी असते. फक्त पुसल्यावर आकडा हलला, याचा अर्थ गळती निदान काही प्रमाणात इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरून होती, पोटातून नव्हती. मेगरला गार्ड टर्मिनल असेल तर इन्सुलेशनवर उघड्या तारेचे दोन वेढे देऊन ते गार्डला जोडावेत. त्या टोकाची पृष्ठभागावरची गळती मोजणीतून बाजूला निघते.

मग ओल्या फडक्याने मीठ नीट पुसून काढलं आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं. हे वाळवण्याच्या आधीच करायचं असतं. उष्णतेने पाणी जातं, मीठ जागेवरच राहतं आणि पुढच्या दमट रात्री आकडा परत पडतो. त्यानंतर हॅलोजन वीतभर अंतरावर ठेवला. पीव्हीसीला हात टेकवता येईल इतकीच ऊब द्यायची. हॉट एअर गन एका जागी धरून इन्सुलेशन मऊ करून टाकणारे वायरमन मी पाहिलेत. ओल काढण्याच्या नादात ते नवा फॉल्ट करून ठेवतात.

वीस मिनिटांनी रीडिंग घेतलं तर ०.५. वाढायच्या ऐवजी कमी झालं! सोबतचा पोरगा घाबरला. "दादा, बिघडलं की काय?" बिघडलं नव्हतं. ओल गरम झाली की ती आधी जास्त वाहते आणि मग उडून जाते. वर पीव्हीसी स्वतः गरम झालं की त्याचा रोधही झपाट्याने पडतो. २७ अंशांवरून ७० अंशांवर गेलं तर तो शेकडो पटींनी कमी होतो. म्हणून वाळवताना आकडा आधी खाली जातो, काही वेळ तळाशी रेंगाळतो आणि मग चढतो. दोन तासांनी ११ झाला. दिवा काढून टोक पूर्ण थंड होऊ दिलं, तेव्हा २८.

आकडा असा आधी पडून मग चढला की तिथे ओल होती असं समजायला हरकत नाही. मात्र एक फसगत लक्षात ठेवावी लागते. दुपारी चालत्या लोडवरून उतरवलेली गरम केबल मोजली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थंड केबल मोजली, तर काहीही न वाळवता आकडा कित्येक पट वाढलेला दिसतो. ती वाढ निव्वळ तापमानाची असते. तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा केबल सारख्याच तापमानाला हवी. मी शक्यतो सकाळी सातच्या आत, केबल रात्रभर बंद असताना मोजतो आणि रीडिंगशेजारी तापमान लिहून ठेवतो.

मालक खूश. "झालं ना? चालू करा." केलं. २८ मेगाओहमवर फीडर बंद ठेवायला कारण नव्हतं. पण भाऊबंद ४०-४५ वर असताना लाल २८ वरच का थांबला, हा प्रश्न वहीत लिहून ठेवला आणि पुढच्या रविवारी परत मोजायची परवानगी घेतली.

मध्ये दोन पाऊस झाले. रविवारी सकाळी तेच तापमान, तीच पद्धत. पिवळा ४०, निळा ४१, लाल २. टोक बघितलं तर स्वच्छ, कोरडं. पुसून काहीच फरक पडला नाही. म्हणजे यावेळची गळती टोकावर नव्हती. मग दाब बदलून पाहिला. १००० व्होल्टवर २ असलेला आकडा ५०० वर जवळपास दुप्पट आला. कोरड्या, निरोगी इन्सुलेशनचा आकडा दाब दुप्पट केल्याने फारसा बदलत नाही. दाब वाढवल्यावर तो असा निम्म्याच्या जवळ आला तर आत कुठेतरी ओली वाट आहे किंवा इन्सुलेशन फुटलंय, असं धरतात. (मोटरवाले यासाठी दहा मिनिटांच्या आणि एका मिनिटाच्या रीडिंगचं गुणोत्तर काढतात. इतक्या छोट्या पीव्हीसी केबलवर मी त्यावर विसंबत नाही.)

वाळवून वाढलेला आकडा किती दिवस टिकतो, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. टिकला तर पाणी एकदाच आलं होतं आणि येण्याची वाट राहिलेली नाही. पाऊस नसताना किंवा पुढच्या पावसात तो परत घसरला तर पाणी आत अजून शिल्लक आहे, नाहीतर दार उघडंच आहे. ॲल्युमिनियमच्या पिळलेल्या तारांमध्ये बारीक पोकळ्या असतात. जॉइंटमधून शिरलेलं पाणी त्यांतून तारेच्या आत काही मीटर सरकू शकतं. टोकाशी कितीही हॅलोजन लावा, त्या पाण्यापर्यंत ऊब पोचत नाही.

संशय जॉइंटवर गेला. तो काळ्या मातीत होता आणि सोलापूरची काळी माती केबलला सुखाने राहू देत नाही. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाने ती फुगून मिटते. दरवर्षीच्या या आकुंचन-प्रसरणात केबल थोडी थोडी ओढली जाते आणि सगळा ताण जॉइंटच्या तोंडाशी येतो. जॉइंट खणून काढला, दोन्ही बाजूंनी कापला आणि दोन्ही तुकडे वेगवेगळे मोजले.

कालव्याचा हिशेब इथे कामाला येतो. समजा गळती सगळ्या लांबीत सारखी पसरलेली असती, म्हणजे इन्सुलेशनच थकलेलं असतं, तर २ मेगाओहमची १४० मीटर केबल कापल्यावर ८५ मीटरच्या तुकड्याला ३.३ आणि ५५ मीटरच्या तुकड्याला ५.१ मिळाले असते. लांबी कमी झाली त्या प्रमाणात दोघेही सुधारले असते, पण दोघेही आजारीच राहिले असते. प्रत्यक्षात पॅनेलकडच्या ८५ मीटरला लालवर ६२ आले आणि डाय हाऊसकडच्या ५५ मीटरला २.२. एक तुकडा निरोगी आणि सगळा आजार दुसऱ्यात. भोक सापडलं.

डाय हाऊसकडच्या तुकड्याचं जॉइंटजवळचं टोक सोललं तर तारांवर पांढरी, ओलसर भुकटी होती. ॲल्युमिनियमला पाणी लागल्याची ती खूण असते. अर्धा-अर्धा मीटर करत मागे कापत गेलो. तिसऱ्या मीटरला तारा आतून चकचकीत आणि कोरड्या निघाल्या. तिथे मोजलं तर ९५. आता ताळा बघा. ६२ ला ८५ ने गुणलं तर ५,२७० आणि ९५ ला उरलेल्या सुमारे ५२ मीटरने गुणलं तर जवळपास ४,९५०. दोन्ही तुकड्यांचं मीटरमागचं इन्सुलेशन जवळपास सारखं निघालं, आणि पिवळ्या-निळ्याचा हिशेबही तिथेच येतो. चौदा वर्षांची केबल चरातल्या सगळ्या लांबीत ठणठणीत होती.

मग म्हातारपण कुठेच नव्हतं का? होतं, आणि ते मेगरने दाखवलंच नाही.

कापलेले तुकडे मी टाकून देत नाही. जॉइंटजवळचा पिवळ्या कोअरचा कोरडा तुकडा हाताने गोल वाकवला तर रबरासारखा वाकला, खूण उरली नाही. डाय हाऊसच्या बॉक्समधल्या टोकाचाही हातभर तुकडा कापून घेतला होता. तो निळ्याचा, म्हणजे ज्याचं रीडिंग पहिल्या दिवसापासून उत्तम होतं त्या फेजचा. तो वाकवताच कडकड वाजला आणि बाहेरच्या अंगाला केसाएवढ्या तीन भेगा उघडल्या. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला लवचीक ठेवण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात. पीव्हीसी केबलच्या तारेला ७० अंशांपर्यंत चालवायची मर्यादा असते. डाय हाऊसच्या वाफेत, ढिल्या लगच्या उष्णतेत ते द्रव्य हळूहळू उडून जातं आणि इन्सुलेशन पापडासारखं होतं.

हे द्रव्य उडाल्याने विजेचा रोध कमी होत नाही. बऱ्याचदा तो वाढतो, कारण करंट थोडाफार झिरपू देण्यात त्या द्रव्याचाही हात असतो. म्हणून कोरडं, ठिसूळ, मरायला टेकलेलं पीव्हीसी मेगरला तरुणापेक्षाही छान रीडिंग देऊ शकतं. भेग पडली तरी तिच्यात कोरडी हवा असेपर्यंत मेगरला ती दिसत नाही. तीत पाणी शिरलं की मगच आकडा कोसळतो, आणि वाळवला की परत चढतो. वर सगळे म्हणतात, नुसती ओल होती.

मालकांना हे पटावं म्हणून प्लास्टिकची बादली मागवली. पाण्यात मूठभर मीठ टाकलं. ते त्यांच्याच डाय हाऊसमधलं. दोन्ही तुकडे यूच्या आकारात वाकवून, टोकं पाण्याच्या वर चांगली वीतभर ठेवून बुडवले. एक लीड तारेला, दुसरी पाण्यात सोडलेल्या उघड्या तांब्याच्या तारेला. बुडवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर फॉइल गुंडाळून मोजलं होतं, तेव्हा दोघांनीही मेगरचा काटा अनंताला टेकवला होता. बुडवल्यावर मऊ तुकडा तसाच अनंतावर राहिला. रात्रभर बादलीत ठेवला तरी हलला नाही. ठिसूळ तुकड्याचा काटा हँडल फिरवताच शून्यावर आला. तो बाहेर काढून उन्हात दोन तास ठेवला, पुसला, परत फॉइल गुंडाळून मोजला. अनंत.

मालक बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिले. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही वाळवून चालू केलं, तेव्हाही हे असंच होतं?"

होतं. २८ मेगाओहमने मला लालवर ओल असल्याचा इशारा दिला होता. निळ्याच्या ४२ ने या भेगाळलेल्या टोकाबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. लग सोडताना ते टोक थोडं वाकवून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आता प्रत्येक तपासणीत तारेचं टोक वाकवून बघतो, रंग बघतो आणि नख दाबून बघतो. मऊ पीव्हीसीवर नखाची खूण उठते, वाळलेल्यावर उठत नाही.

ही हाताची परीक्षा पीव्हीसीपुरती आहे. एक्सएलपीईत प्लास्टिसायझर नसतं. ते ९० अंशांपर्यंत चालतं आणि असं कडक होऊन दिसत नाही. ११ केव्हीच्या एक्सएलपीई केबलमध्ये ओलीने इन्सुलेशनच्या पोटात झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म वाटा वाढतात. त्या असतानाही मेगर हजारांत येतो. तिथे टॅन डेल्टाची, म्हणजे एसी दाबाखाली इन्सुलेशनमध्ये वाया जाणारी ऊर्जा मोजणारी, चाचणी करावी लागते आणि ते काम वेगळ्या यंत्राचं, वेगळ्या माणसांचं आहे.

टॉवेल कारखान्याची १४० मीटर केबल बदलावी लागली नाही. डाय हाऊसच्या टोकाचे दोन मीटर सगळ्या फेजचे कापले. भिंतीलगत केबलचा वेढा सोडलेला होता म्हणून ते जमलं. नव्या लगवर हीट श्रिंकचं आवरण चढवलं आणि बॉक्स वाफेच्या तोंडावरून पलीकडच्या भिंतीवर नेला. जॉइंटच्या जागी ओले तीन मीटर काढून नवा तुकडा घातला. त्यामुळे एकाचे दोन जॉइंट झाले. ते हीट श्रिंक किटचे केले, भोवती काळ्या मातीऐवजी वाळू भरली आणि दोन्हीकडे केबल थोडी नागमोडी ठेवली, म्हणजे माती ओढायला लागली तर ओढायला ढील राहील.

काम झालं त्या सकाळी २५ अंशांना लाल ३८, पिवळा ३९, निळा ४१, न्यूट्रल ४४. महिन्याने ३९, ३९, ४०, ४४. यंदाच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम गेलो. केबल २९ अंशांवर होती आणि चारही आकडे सारख्याच प्रमाणात उतरलेले होते. लाल २६, पिवळा २६, निळा २७, न्यूट्रल ३०. पोराने वहीत लिहिता लिहिता विचारलं, "दादा, परत पडला की!" मी त्याला तापमानाच्या रकान्यावर बोट ठेवून दाखवलं.